एका बोंडातील चार प्रकारची सरकी: बीटी कपाशीचा पनेट चौरस

हिरवे बोंड मध्यभागी उभे चिरून हातावर धरलेले, आत चार कप्पे, त्यांपैकी एका कप्प्यात गुलाबी बोंडअळी, तिच्या शेजारी पोखरलेल्या दोन-तीन सरक्या आणि बाकीच्या सरक्या शाबूत. ऑक्टोबर-नोव्हेंबर महिन्यांत कापूस पट्ट्यातील विस्तार कार्यकर्त्यांच्या फोनवर अशी छायाचित्रे येतात आणि त्यांच्याखाली प्रश्न असतो: बियाणे अस्सल बीटीचे, पाकीटही नामांकित, मग अळी आत जगली कशी?

या प्रश्नाला एकच उत्तर नाही. त्यातील एक भाग मात्र असा आहे की तो छायाचित्रात समोर असूनही दिसत नाही. त्या बोंडातील सर्व सरक्या एकसारख्या दिसतात, पण त्यांची आनुवंशिक घडण एकसारखी नसते. संकरित बीटी कपाशीच्या एकाच बोंडात विषारी प्रथिनांच्या दृष्टीने चार प्रकारची सरकी असू शकते, आणि त्यांचे अपेक्षित प्रमाण कागदावर सोळा घरांचा एक चौरस काढून सांगता येते. नागपूर येथील केंद्रीय कापूस संशोधन संस्थेचे तत्कालीन संचालक डॉ. केशव क्रांती यांनी गुलाबी बोंडअळीच्या प्रश्नाची चर्चा करताना या विभाजनाकडे लक्ष वेधले होते. तो चौरस घराघराने उलगडून पाहणे हा या लेखाचा विषय आहे.

वाटाणा दिसतो, सरकी दिसत नाही

दोन गुणांच्या संकराचे शालेय पुस्तकातील उदाहरण ग्रेगोर मेंडेल यांच्या वाटाण्याचे असते. गोल-पिवळा आणि सुरकुतलेला-हिरवा या दोन शुद्ध वाणांचा संकर केला की पहिल्या पिढीतील सर्व दाणे गोल-पिवळे येतात. त्या दाण्यांपासून वाढलेल्या १५ झाडांनी स्वपरागीकरणातून दिलेले ५५६ दाणे मेंडेल यांनी मोजले: ३१५ गोल-पिवळे, १०८ गोल-हिरवे, १०१ सुरकुतलेले-पिवळे आणि ३२ सुरकुतलेले-हिरवे. हे प्रमाण ९:३:३:१ च्या अगदी जवळचे आहे. या उदाहरणातील एक बारकावा बहुधा नजरेतून सुटतो. हे गुण झाडाचे नसून दाण्याचे आहेत. पहिल्या पिढीच्या झाडावरील एकाच शेंगेत गोल आणि सुरकुतलेले, पिवळे आणि हिरवे दाणे शेजारी शेजारी बसलेले असतात. शेंग उघडून छायाचित्र काढले की पुढची पिढी त्या छायाचित्रातच मोजता येते.

कपाशीच्या बोंडातही हेच घडते. शेतकरी पाकिटातून जे बी पेरतो ते पहिल्या पिढीचे असते. त्यापासून वाढलेल्या झाडाची पाने, पात्या, बोंडाची साल आणि रुई या साऱ्यांत झाडाची स्वतःची घडण असते. बोंडाच्या आतील सरकीतील डाळ म्हणजे गर्भ मात्र पुढच्या पिढीचा असतो. प्रत्येक सरकी एका स्वतंत्र बीजांडाच्या आणि एका स्वतंत्र परागकणाच्या मीलनातून तयार होते. म्हणून एका बोंडातील सरक्या ही भावंडे असतात, जुळी नव्हेत. वाटाण्यात हा फरक रंगाने आणि आकाराने दिसतो. कपाशीत तो प्रथिनांचा असल्यामुळे डोळ्यांना दिसत नाही. छायाचित्राचे अपुरेपण चौरस भरून काढतो, तो येथे.

चौरस मांडण्यापूर्वी

भारतात बीटी कपाशीला २००२ मध्ये मान्यता मिळाली. त्या पहिल्या वाणांत क्राय १एसी हे एकच प्रथिन तयार करणारे जनुक होते. २००६ मध्ये आलेल्या बोलगार्ड-२ वाणांत त्याच्या जोडीला क्राय २एबी हे दुसरे जनुक आले. या लेखापुरते पहिल्या जनुकाला ‘क’ आणि दुसऱ्याला ‘ख’ म्हणू. ज्या गुणसूत्रावर ते जनुक नाही तेथे ‘०’ लिहू.

संकरित वाण तयार करताना दोन पालक लागतात. एका पालकात दोन्ही जनुके दुहेरी स्वरूपात असतील, म्हणजे कक खख, आणि दुसरा पालक बिगर-बीटी असेल, म्हणजे ०० ००, तर त्यांच्या संकरातून पाकिटात येणारे प्रत्येक बी क० ख० असते. प्रत्येक जनुकाची एकच प्रत त्याला मिळते. एका प्रतीनेही प्रथिन तयार होते, त्यामुळे झाड दोन्ही प्रथिने बनवते आणि पानावर केलेली चाचणी दोन्ही प्रथिनांसाठी होकारार्थी येते. येथवर शेतकऱ्याची फसवणूक झालेली नसते. पाकिटावर लिहिले आहे तेच झाड शेतात उभे असते.

हे झाड फुलावर आले की त्याची बीजांडे आणि परागकण तयार होतात. प्रत्येकाला जनुकांच्या जोडीतील एकच बाजू मिळते: ‘क’ किंवा ‘०’, आणि ‘ख’ किंवा ‘०’. बोलगार्ड-२ मध्ये दुसरे जनुक आधीपासून ‘क’ असलेल्या कपाशीत नंतर स्वतंत्रपणे घातले गेले. त्यामुळे दोन्ही एकमेकांना बांधलेली नाहीत आणि वाटणीच्या वेळी स्वतंत्रपणे जातात. म्हणून चार प्रकारचे परागकण समप्रमाणात तयार होतात: कख, क०, ०ख आणि ००. बीजांडेही याच चार प्रकारची. रेजिनाल्ड पनेट या ब्रिटिश जनुकशास्त्रज्ञाच्या नावाने ओळखला जाणारा चौरस एवढेच करतो: डावीकडे चार बीजांडे, वर चार परागकण आणि मध्ये त्यांच्या सोळा समसंभाव्य भेटी.

| बीजांड ↓ / पराग → | कख | क० | ०ख | ०० |
|---|---|---|---|---|
| कख | १. कक खख | २. कक ख० | ३. क० खख | ४. क० ख० |
| क० | ५. कक ख० | ६. कक ०० | ७. क० ख० | ८. क० ०० |
| ०ख | ९. क० खख | १०. क० ख० | ११. ०० खख | १२. ०० ख० |
| ०० | १३. क० ख० | १४. क० ०० | १५. ०० ख० | १६. ०० ०० |

सोळा घरांचा अर्थ

पहिली ओळ सर्वांत सुरक्षित आहे. बीजांडातच दोन्ही जनुके असल्यामुळे पराग कोणताही आला तरी सरकीत दोन्ही प्रथिने तयार होतात. घर १ मध्ये परागानेही दोन्ही जनुके आणली, म्हणून दोन्हींच्या दोन-दोन प्रती झाल्या. ही सरकी बीटी पालकासारखी शुद्ध आहे. सोळांत असे एकच घर आहे. घर २ मध्ये परागाकडून फक्त ‘क’ आले, म्हणून ‘क’ दोनदा आणि ‘ख’ एकदा. घर ३ मध्ये याच्या उलट, ‘ख’ दोनदा आणि ‘क’ एकदा. घर ४ मध्ये परागाने काहीच आणले नाही, तरी बीजांडाच्या बळावर दोन्ही जनुके एकेकदा आहेत. घर ४ मधील सरकी तिच्या आईच्या झाडासारखीच आहे.

दुसऱ्या ओळीत बीजांडाकडे ‘क’ आहे पण ‘ख’ नाही. आता ‘ख’ मिळेल की नाही हे पूर्णपणे परागावर अवलंबून आहे. घर ५ मध्ये परागाने दोन्ही आणली, म्हणून सरकी संरक्षित. घडण घर २ सारखीच, फक्त ‘ख’ येथे पित्याकडून आले. घर ६ मध्ये बीजांड आणि पराग दोघांकडूनही ‘क’ आले आणि दोघांकडूनही ‘ख’ आले नाही. ‘क’च्या दोन प्रती असूनही या सरकीत क्राय २एबी तयार होत नाही. घर ७ मध्ये परागाने नेमके तेच आणले जे बीजांडाकडे नव्हते. ‘क’ आईकडून, ‘ख’ पित्याकडून, सरकी पुन्हा संरक्षित. घर ८ मध्ये परागाकडे काहीच नव्हते, म्हणून ‘क’ची एक प्रत आणि ‘ख’ शून्य.

तिसरी ओळ दुसऱ्या ओळीचे प्रतिबिंब आहे. येथे बीजांडाकडे ‘ख’ आहे आणि ‘क’ परागाने आणायचे आहे. घर ९ मध्ये परागाने दोन्ही आणली: ‘ख’ दोनदा, ‘क’ एकदा. घर १० हे घर ७ चे जोडीदार. ‘ख’ आईकडून आणि ‘क’ पित्याकडून. घर ११ मध्ये ‘ख’च्या दोन प्रती आहेत आणि ‘क’ नाही. घर १२ मध्ये ‘ख’ची एकच प्रत आहे आणि ‘क’ नाही. शेवटच्या दोन्ही घरांतील सरकीत केवळ क्राय २एबी तयार होते.

चौथ्या ओळीत बीजांड रिकामे आहे. म्हणून सरकीत जे काही येईल ते परागातूनच येईल. घर १३ मध्ये परागाने दोन्ही जनुके आणल्यामुळे सरकी संरक्षित आहे. घर १४ मध्ये फक्त ‘क’ आहे, घर १५ मध्ये फक्त ‘ख’ आहे. घर १६ मध्ये रिकाम्या बीजांडाला रिकामा पराग भेटला. ही सरकी बीटी झाडावर, बीटी बोंडात, बीटी सालीच्या आत वाढली, तरी तिची डाळ पूर्णपणे बिगर-बीटी आहे.

आता बेरीज करू. दोन्ही प्रथिने: घरे १, २, ३, ४, ५, ७, ९, १० आणि १३, म्हणजे ९. फक्त क्राय १एसी: घरे ६, ८ आणि १४, म्हणजे ३. फक्त क्राय २एबी: घरे ११, १२ आणि १५, म्हणजे ३. एकही नाही: घर १६, म्हणजे १. मेंडेल यांच्या वाटाण्याचे ९:३:३:१ हेच प्रमाण येथे अवतरते.

सुरुवातीच्या छायाचित्रातील बोंडात चार कप्पे आणि प्रत्येक कप्प्यात आठ सरक्या आहेत असे धरले, तर एकूण ३२ सरक्यांपैकी सरासरीने १८ मध्ये दोन्ही प्रथिने, ६ मध्ये फक्त क्राय १एसी, ६ मध्ये फक्त क्राय २एबी आणि २ मध्ये एकही नाही, असे अपेक्षित आहे. ‘सरासरीने’ हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. चौरस शक्यता सांगतो, प्रत्येक बोंडाची जनगणना करीत नाही. एखाद्या बोंडात बिगर-बीटी सरकी एकही नसेल, दुसऱ्यात चार असतील.

अळीच्या दृष्टीने तोच चौरस

इतर बोंडअळ्या पाने, पात्या, फुले आणि बोंडे यांवर फिरून खातात. गुलाबी बोंडअळीचे वर्तन वेगळे आहे. अंड्यातून निघालेली अळी थोड्याच अवधीत फुलात किंवा कोवळ्या बोंडात शिरते आणि बोंडात शिरल्यावर तिचे मुख्य खाद्य सरकी हेच असते. म्हणूनच सरकीतील विभाजन इतर किडींपेक्षा या किडीच्या बाबतीत अधिक निर्णायक ठरते.

अळी दोन्ही प्रथिनांना संवेदनशील असेल तर तिला पूर्णपणे निर्धोक अशी सरकी फक्त घर १६ मध्ये सापडते. आठ सरक्यांच्या कप्प्यात अशी किमान एक सरकी असण्याची शक्यता सुमारे ४० टक्के आहे. तेथे पोहोचण्यापूर्वी मात्र अळीला बोंडाची साल ओलांडावी लागते, आणि साल आईच्या घडणीची असल्यामुळे तिच्यात दोन्ही प्रथिने असतात. सरकीचे टरफल आणि त्यावरील रुईदेखील आईच्याच घडणीची. त्यामुळे संवेदनशील अळ्यांपैकी बहुतेक वाटेतच मरतात. सुरुवातीची काही वर्षे बीटी कपाशीने या किडीला रोखले ते यामुळेच.

क्राय १एसीला प्रतिकार करणारी अळी आली की चित्र बदलते. असा प्रतिकार २००८ च्या हंगामात गुजरातमधील अमरेली येथून गोळा केलेल्या अळ्यांत आढळला. अशा अळीच्या दृष्टीने चौरसातील ‘क’ हे अक्षर पुसले गेलेले असते आणि तिला मारू शकते ते केवळ ‘ख’. ज्या घरांत ‘ख’ नाही ती घरे आहेत ६, ८, १४ आणि १६. सोळापैकी चार, म्हणजे चौथा हिस्सा. आठ सरक्यांच्या कप्प्यात अशी एकही सरकी नसण्याची शक्यता केवळ १० टक्के उरते. दुसऱ्या शब्दांत, दहापैकी नऊ कप्प्यांत या अळीसाठी किमान एक निर्धोक सरकी वाढून ठेवलेली असते. दोन जनुकांचे दुहेरी कुलूप कागदावर भक्कम दिसते. पण त्यातील एक उघडलेले असेल तर उरलेले कुलूप प्रत्येक चौथ्या सरकीला लावलेलेच नसते.

यापुढचा परिणाम अधिक सूक्ष्म आहे. अळीतील प्रतिकार साधारणतः अप्रभावी गुणासारखा वागतो; प्रतिकाराची एकच प्रत असलेली अळी पूर्ण मात्रेच्या झाडावर मरते आणि दोन प्रती असलेलीच जगते. प्रतिकार विरळ असताना अशा एकप्रती अळ्या शेतात अधिक संख्येने असतात. त्या मेल्या तर प्रतिकाराचा प्रसार मंदावतो. बोंडातील सरक्यांच्या या मिश्रणात मात्र अळी एक विषारी सरकी कुरतडते, शेजारच्या निर्धोक सरकीकडे सरकते आणि तिला मिळणारी एकूण मात्रा मारक पातळीच्या खाली राहू शकते. हंगाम पुढे सरकतो तसे झाडातील क्राय १एसीचे प्रमाण घटत जाते, तेव्हा हा धोका वाढतो. एकप्रती अळी जगली की तिच्या पतंगाची गाठ दुसऱ्या एकप्रती पतंगाशी पडते आणि त्यांच्या संततीत, एका गुणाच्या चार घरांच्या चौरसाप्रमाणे, चौथा हिस्सा दुहेरी प्रतिकाराचा निघतो. अमरेलीनंतर काही वर्षांतच क्राय २एबीविरुद्धचा प्रतिकारही आढळला आणि २०१७-१८ च्या हंगामात महाराष्ट्रातील कापूस उत्पादकांनी त्याची जबर किंमत मोजली.

हे सर्व खापर सरकीच्या विभाजनावर फोडणे मात्र योग्य ठरणार नाही. ४५० ग्रॅम बीटी बियाण्यासोबत मिळणारे १२० ग्रॅम बिगर-बीटी बियाणे बहुतेकांनी पेरले नाही. त्यामुळे संवेदनशील पतंगांचा साठा राहिला नाही. संकरित वाणांचा हंगाम लांबला, फरदड जानेवारी-फेब्रुवारीपर्यंत उभी राहिली आणि किडीला एका वर्षात अधिक पिढ्या मिळाल्या. विभाजनाने या कारणांना हातभार लावला. अमेरिका आणि ऑस्ट्रेलियात कपाशीचे सरळ वाण पेरले जातात; त्यांत जनुके दुहेरी स्वरूपात असतात, म्हणून तेथील शेताचा चौरस काढला तर सोळाही घरांत घर १ चीच सरकी येते.

चौरस केव्हा चुकतो

९:३:३:१ हे प्रमाण काही अटींवर उभे आहे. अट मोडली तर प्रमाण बदलते, आणि ते कसे बदलले यावरून कोणती अट मोडली हे ओळखता येते.

पहिली अट अशी की पराग त्याच वाणाचा असावा. कपाशीत स्वपरागीकरण अधिक होते. मधमाश्यांनी पराग आणला तरी तो त्याच शेतातील त्याच संकराचा असेल तर चौरस तोच राहतो. शेजारी बिगर-बीटी कपाशी असेल आणि तिचा पराग आला, तर मात्र वरच्या ओळीत फक्त ‘००’ उरतो. तेव्हा चौरसाचा शेवटचा स्तंभच लागू होतो: घरे ४, ८, १२ आणि १६. प्रमाण १:१:१:१ होते आणि बिगर-बीटी सरकीचा वाटा सोळाव्या भागावरून चौथ्या भागावर जातो.

दुसरी अट पालकांची. संकराच्या दोन्ही पालकांत ‘क’ दुहेरी असेल आणि ‘ख’ एकाच पालकात असेल, तर पाकिटातील बी कक ख० असते. अशा झाडाच्या बोंडात ‘क’ नसलेली सरकी संभवतच नाही. ‘फक्त ख’ आणि ‘एकही नाही’ हे दोन्ही गट शून्य येतात आणि उरलेले प्रमाण १२:४ होते.

तिसरी अट स्वतंत्र वाटणीची. दोन जनुके एकाच गुणसूत्रावर अगदी जवळ असती तर ती बहुधा एकत्रच गेली असती. ‘दोन्ही’ आणि ‘एकही नाही’ हे गट फुगले असते आणि मधले दोन गट आक्रसले असते.

प्रत्यक्ष तपासणी आणि तिचे छायाचित्र

चौरसाचे भाकीत बीटी तपासणी पट्ट्यांनी पडताळता येते. कृषी महाविद्यालय, कृषी विज्ञान केंद्र किंवा बियाणे प्रयोगशाळेच्या साहाय्याने ती करावी. भरलेली पण न उकललेली हिरवी बोंडे घ्यावीत. सरकी सोडवून तिचे टरफल पूर्णपणे काढावे. हीच पायरी बहुधा चुकते. टरफल आईच्या घडणीचे असल्यामुळे त्यात दोन्ही प्रथिने असतात, आणि ते डाळीसोबत चिरडले गेले तर घर १६ ची सरकीही बीटी ठरते. त्यानंतर प्रत्येक डाळ वेगळ्या नळीत द्रावणात चिरडून तिच्यात दोन्ही प्रथिनांच्या पट्ट्या बुडवाव्यात. दोन सरक्यांमध्ये चिमटा आणि मुसळी धुवून पुसावी; एका डाळीचा रस दुसरीला लागला तरी निष्कर्ष फसवा निघतो. पट्ट्या ठरलेल्या वेळेनंतर लगेच ओळीने मांडून, प्रत्येकीखाली सरकीचा क्रमांक लिहून छायाचित्र घ्यावे, कारण नंतर पट्ट्यांवर फिकट रेषा उमटू शकतात. ज्या पट्टीवर नियंत्रण रेषा उमटली नाही ती नकारार्थी न धरता बाद करावी.

हे छायाचित्र मेंडेल यांच्या शेंगेसारखे वाचता येते. उदाहरणादाखल १६० सरक्या तपासल्या असे समजू. अपेक्षित आकडे ९०, ३०, ३० आणि १० येतील. प्रत्यक्षात ९७, २८, २७ आणि ८ आल्या, तर हा फरक योगायोगाचा की खरा, हे काय-वर्ग कसोटीने ठरते. प्रत्येक गटात अपेक्षित आणि प्रत्यक्ष आकड्यांतील फरकाचा वर्ग करून त्याला अपेक्षित आकड्याने भागावे: ४९ ÷ ९० = ०.५४; ४ ÷ ३० = ०.१३; ९ ÷ ३० = ०.३०; ४ ÷ १० = ०.४०. बेरीज १.३७ येते. चार गटांसाठी मर्यादा ७.८२ आहे. बेरीज तिच्या बरीच खाली असल्यामुळे हे आकडे ९:३:३:१ शी सुसंगत मानावेत.

आता समजा, त्याच १६० सरक्यांचे आकडे १२४, १६, १४ आणि ६ आले. याच रीतीने बेरीज सुमारे २९.५ येते, म्हणजे मर्यादेच्या कितीतरी पुढे. ‘दोन्ही’ हा एकच गट फुगला आहे आणि उरलेले तिन्ही आटले आहेत. जनुके एकमेकांना बांधलेली असती तर ‘एकही नाही’ हा गटही फुगला असता. तो आटला आहे, म्हणून प्रथम संशय टरफलाच्या अंशावर किंवा न धुतलेल्या मुसळीवर घ्यावा आणि तपासणी पुन्हा करावी. एका बोंडातील ३२ सरक्यांवर कसोटी लावू नये. तेथे बिगर-बीटी गटाची अपेक्षा केवळ दोनची असते आणि एवढ्या लहान आकड्यावर काय-वर्ग विश्वासार्ह राहत नाही. पाच-सहा बोंडे एकत्र करावीत, पण ती एकाच वाणाची असावीत.

चिरलेल्या बोंडाच्या छायाचित्रावरून हेच अनुमान करण्याचा मोह टाळावा. शाबूत सरकी विषारी असेलच असे नाही. अळी तिच्यापर्यंत पोहोचलीच नसेल. पोखरलेली सरकी बिगर-बीटी असेलच असेही नाही. अळी प्रतिकारक्षम असेल. नुकसान हे अळी आणि सरकी या दोघांच्या घडणीचे मिळून झालेले असते.

बोंडातील सरकी पुन्हा पेरली तर

आतापर्यंत चौरसाचे एक घर म्हणजे एक सरकी होती. तीच सरकी बियाणे म्हणून पेरली तर एक घर म्हणजे एक झाड होते. हेक्टरी ८,००० झाडे धरली तर त्यांपैकी सुमारे ४,५०० झाडांत दोन्ही प्रथिने, १,५०० मध्ये फक्त क्राय १एसी, १,५०० मध्ये फक्त क्राय २एबी आणि ५०० झाडे पूर्णपणे बिगर-बीटी राहतील. आणि ही सारी एकमेकांत मिसळलेली असतील. फसव्या स्वस्त बियाण्यात असे दुसऱ्या पिढीचे बी असण्याचा धोका असतो. पानावरची चाचणी तेथे उपयोगी पडते: अस्सल पहिल्या पिढीच्या शेतात दोन्ही प्रथिनांचा निष्कर्ष प्रत्येक झाडावर होकारार्थी यायला हवा, तर दुसऱ्या पिढीच्या शेतात दर १६ झाडांमागे सरासरी सात झाडांत किमान एका प्रथिनाचा अभाव आढळतो.

चीनमधील यांगत्से नदीच्या खोऱ्यात याच गणिताने उलटा परिणाम साधला. तेथील अनेक शेतकरी एका जनुकाच्या बीटी संकराचे दुसऱ्या पिढीचे बियाणे पेरत. एका जनुकाच्या चौरसात चार घरे असतात आणि त्यांपैकी एक रिकामे असते, म्हणजे शेतातील चौथा हिस्सा झाडे आपोआप बिगर-बीटी. या झाडांवर वाढलेल्या संवेदनशील पतंगांनी गुलाबी बोंडअळीतील प्रतिकार मागे रेटला, असे ११ वर्षांच्या अभ्यासातून २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. तेथे प्रतिकार अद्याप विरळ होता आणि आश्रयाला संपूर्ण झाडे होती. भारतात प्रतिकार आधीच रुजलेला असताना चीनचे उदाहरण दाखवून दुसऱ्या पिढीचे बियाणे पेरण्याची शिफारस करणे चुकीचे ठरेल.

शेतकऱ्याच्या छायाचित्राखालील प्रश्नाकडे परत येताना विस्तार कार्यकर्त्याला आता नेमके उत्तर देता येईल. झाड बीटी आहे याचा अर्थ बोंडातील प्रत्येक सरकी बीटी आहे असा होत नाही. ज्या किडीने एका प्रथिनावर मात केली तिच्यासाठी चौथा हिस्सा सरकी उघडी असते. त्यामुळे पाकिटावरील ‘बीटी’ या शब्दावर विसंबून पाहणी थांबवता येत नाही. पेरणीनंतर ४५ दिवसांपासून हेक्टरी पाच कामगंध सापळे, फुलोऱ्यात डोमकळ्यांचा शोध आणि बोंडे धरल्यावर दर आठवड्याला शेतातून यादृच्छिकपणे तोडलेली २० हिरवी बोंडे चिरून पाहणे, ही कामे बीटी शेतातही तितकीच आवश्यक आहेत. २० पैकी दोन बोंडांत जिवंत अळी आढळली, किंवा सलग तीन रात्री प्रत्येक सापळ्यात आठ किंवा अधिक पतंग आले, तर आर्थिक नुकसानीची पातळी गाठली गेली असे समजून शिफारशीनुसार उपाय योजावेत. डिसेंबरअखेर पीक संपवून पऱ्हाट्या शेतातून काढाव्यात.

बोंड चिरले की आधी अळी शोधावी, मग सरक्या मोजाव्यात. डोळ्यांना त्या सर्व सारख्याच दिसतील. घर १६ ची सरकी त्यांतच कोठेतरी असते.